पाच मोहरे, दहा खेळ्या, एक उत्तर

बुद्धिबळाच्या कूटप्रश्नाखाली बहुधा एकच ओळ छापलेली असते : पांढऱ्याची खेळी, दोन खेळ्यांत मात. म्हणजे पांढरा खेळणार, काळा त्याला सुचेल ते उत्तर देणार, आणि पांढऱ्याच्या दुसऱ्या खेळीला मात झालेली असणार. सोडवणाऱ्याने शोधायची असते ती पहिली खेळी. तिला कळीची खेळी म्हणू. जागतिक सोडवणूक स्पर्धेच्या पहिल्या फेरीत असे तीन प्रश्न वीस मिनिटांत सोडवायचे असतात आणि उत्तरपत्रिकेत फक्त कळीची खेळी लिहिली तरी चालते. पुढचे सगळे तिच्यातून आपोआप निघते असे गृहीत असते.

हे गृहीत धरता येते, कारण रचनाकाराने आधीच एक हमी दिलेली असते. कळीची खेळी एकच आहे. तिच्याखेरीज पांढऱ्याची कोणतीही खेळी करा, काळ्याकडे निदान एक तरी असे उत्तर आहे की दुसऱ्या खेळीला मात होत नाही. ही हमी खोटी ठरली, म्हणजे दुसरीही एखादी पहिली खेळी चालून गेली, तर त्या दोषाला जगभरचे रचनाकार ‘कुक’ म्हणतात. कुक निघालेला प्रश्न रचना-स्पर्धेतून बाद होतो, मग त्यातली कल्पना कितीही देखणी असो. थोरामोठ्यांनाही हे चुकलेले नाही. १८४५ मध्ये दिल्लीत राहणाऱ्या हेन्री लव्हडे या पाद्र्याने ‘शागिर्द’ या टोपणनावाने इंग्लंडच्या ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’कडे चार खेळ्यांत मात देण्याचा एक प्रश्न पाठवला. तो ‘इंडियन प्रॉब्लेम’ म्हणून इतका गाजला की त्यातल्या कल्पनेलाच पुढे ‘इंडियन’ हे नाव पडले. पण मूळ मांडणीत दुसरी उत्तरेही निघत होती.

निर्दोष प्रश्न कसा असतो ते पॉल मॉर्फीच्या एका छोट्या रचनेत दिसते. हा अमेरिकन खेळाडू पुढे जगभर गाजला. त्याचा हा प्रश्न १८५६ मध्ये ‘न्यूयॉर्क क्लिपर’मध्ये छापून आला. पांढऱ्याचा राजा सी८ वर, हत्ती ए१ वर, प्यादे बी६ वर. काळ्याचा राजा ए८ च्या कोपऱ्यात, उंट बी८ वर, प्यादी ए७ आणि बी७ वर. (पांढऱ्याच्या बाजूने बसले की डावीकडून उजवीकडे ए ते एच हे उभे रकाने आणि आपल्यापासून वर १ ते ८ या आडव्या ओळी.) कळीची खेळी आहे हत्ती ए६! हत्ती सरळ प्याद्याच्या तोंडी जातो. बी७ च्या प्याद्याने त्याला मारले, तर पांढरे प्यादे बी७ वर सरकते आणि मात. उंट कुठेही हलला, तर हत्ती ए७ चे प्यादे मारतो आणि मात. ए७ चे प्यादे हलू शकत नाही, कारण पुढे हत्ती बसला आहे, आणि तिरके जाऊन बी६ मारावे तर राजा उघडा पडतो. काळ्याला खरे तर काहीच खेळायचे नसते, पण खेळावे लागते, आणि त्यातच तो जातो. हत्ती ए६ ऐवजी नुसता ए२ वर थांबला असता, तर काळ्याने ए७ चे प्यादे पुढे सरकवून सुटका करून घेतली असती.

असा प्रश्न सुचतो कुठून? बहुतेक वेळा शेवटाकडून. आधी मातीचे चित्र मनात येते, मग रचनाकार एकेक खेळी मागे जातो. इथे एक अगदी साधे चित्र घेऊ. काळा राजा ए१ वर, त्याच्या डोक्यावर त्याचेच प्यादे ए२ वर. पांढरा राजा सी१ वर. त्याच्या धाकाने बी१ आणि बी२ ही दोन्ही घरे बंद. आता पांढऱ्या घोड्याने बी३ वर येऊन शह दिला की मात. सी२ वरून दिला तरी मात. पांढऱ्याकडे राजा आणि एक घोडा, बाकी काही नाही. एरवी एवढ्या बळावर मात होत नाही. इथे होते ती काळ्याचे प्यादेच काळ्या राजाची वाट अडवते म्हणून. ही विसंगती रचनाकाराला मोह घालणारी आहे. घरी पट असेल त्याने हे मोहरे मांडून पुढचे वाचावे.

पांढरा राजा सी१ ऐवजी सी२ वर ठेवला तरी कोंडी तीच राहते, पण सी२ हे घर घोड्याला मिळत नाही आणि मातीची एक वाट बुजते. म्हणून सी१.

आता एक पाऊल मागे. घोडा अशा घरी हवा की एका उडीत तो मात देऊ शकत नाही, पण दोन उड्यांत देतो. एफ३ घेऊ. तिथून घोडा डी४ ला जातो, डी२ ला जातो, ई१ लाही जातो. पण लगेच अडचण उभी राहते : घोड्याने पहिली उडी मारल्यावर काळ्याने खेळायचे काय? राजा कोंडलेला, प्यादे राजावरच अडलेले. शह नाही आणि कायदेशीर खेळीही नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. तेव्हा काळ्याला हलवायला काहीतरी द्यायलाच हवे. पहिल्यांदा सुचते ते एखादे निरुपद्रवी प्यादे, समजा जी७ वर.

एवढ्याने प्रश्न झाला का? सोडवून पाहू. घोडा डी२, काळ्याचे प्यादे सरकले, घोडा बी३, मात. घोडा ई१, प्यादे सरकले, घोडा सी२, मात. घोडा डी४, प्यादे सरकले, मग बी३ किंवा सी२, दोन्हीकडून मात. तीन उत्तरे, शिवाय तिसऱ्यात शेवटच्या खेळीचेही दोन पर्याय! नवशिक्याची रचना पुष्कळदा इथेच थांबते, कारण आपण योजलेली वाट चालते एवढे त्याने तपासलेले असते. न योजलेल्या वाटा बंद आहेत का, हे तपासायचे राहून जाते.

कुक मारण्याचा सोपा उपाय म्हणजे नको त्या घरांवर प्यादी ठोकणे. डी२ वर एक पांढरे प्यादे बसवले, ई१ वर दुसरे काही, की घोडा तिकडे जाणार नाही. पण असा प्रश्न पाहताच सोडवणाऱ्याला कळते की हे मोहरे केवळ दार बंद करायला उभे आहेत. त्यापेक्षा चांगला मार्ग असा की नको असलेल्या खेळ्या करता याव्यात, मोहक दिसाव्यात, आणि काळ्याच्याच एखाद्या उत्तराने फसाव्यात. कुकचा असा चकवा झाला की दोष हाच गुण होतो.

त्यासाठी जी७ चे मुके प्यादे काढून काळ्याला डोळस मोहरा द्यायला हवा. मातीची घरे दोन, बी३ आणि सी२; दोन्ही पांढऱ्या रंगाची. म्हणजे पांढऱ्या घरांवरून फिरणारा काळा उंट दोन्हींवर नजर ठेवू शकतो. पण सगळी गंमत यात आहे की उंट एका वेळी दोन्ही घरे सांभाळू शकतो तो ए४ ते डी१ या एकाच तिरप्या रेषेवर असला तर, कारण बी३ आणि सी२ ही दोन्ही घरे तिच्यावरच आहेत. इतरत्र कुठेही असला तर फार तर एकच घर त्याच्या टप्प्यात येते. घोडा मात्र डी४ वर उभा राहिला की दोन्ही घरे त्याच्या उडीत असतात. डी२ वरून फक्त बी३, ई१ वरून फक्त सी२. घोडा आणि उंट यांची ही झुंज म्हणजेच आपला प्रश्न. कळीची खेळी डी४ का आणि दुसरी का नाही, याचे कारण आता पटावरच आहे.

उंट ठेवायचा कुठे? पहिला विचार एफ५ चा येतो, कारण पटाच्या मध्यावरून त्याला भरपूर वाटा आहेत. तपासले तर कळीची खेळी एकच निघते, कुक नाही. पण दुसरा, जरा लहान दोष डोके वर काढतो. घोडा डी४ वर आल्यावर उंट डी७, सी८, जी४ किंवा एच३ कडे गेला, तर तो ना बी३ सांभाळत ना सी२. पांढरा मग वाटेल तिथून मात देतो. काळ्याच्या एकाच उत्तराला दोन माती निघाल्या की त्याला ‘ड्युअल’ म्हणतात. कुकसारखा तो जीवघेणा नाही, जुन्या रचनांत तो सर्रास खपवून घेतलेला दिसतो. पण पाच मोहऱ्यांच्या रचनेत काळ्याच्या अकरापैकी चार उत्तरांना ड्युअल म्हणजे परीक्षक नाक मुरडणारच.

उंटाला वाटा कमी करायच्या तर त्याला काठावर न्यावा. एफ५ ज्या तिरप्या रेषेवर आहे तिची दोन टोके म्हणजे बी१ आणि एच७. आधी बी१ पाहू. राजाच्या शेजारी अडकलेल्या या उंटाला पहिल्या खेळीत ही एकच रेषा मिळते : सी२, डी३, ई४, एफ५, जी६, एच७. कुठेही थांबला तरी सी२ वरची नजर कायम. म्हणून घोडा डी४ नंतर उंट सी२ वर आला तर घोडा त्याला तिथेच मारून मात देतो. अन्य कुठेही गेला तर बी३ वरून मात. ड्युअल पार गेले. आणि डी२ चा चकवा तर झकास बसतो : घोडा डी२ ला काळ्याकडे एकच उत्तर आहे, उंट सी२! आता बी३ वर शह दिला तर उंट घोडा मारतो. राजाने उंट मारला तर काळ्याला खेळीच उरत नाही, स्टेलमेट. एकाच खेळीने मोडणारा चकवा रचनाकार फार मोलाचा मानतात, कारण सोडवणारा नेमका तिथे फसतो.

मग एच७ कशाला पाहायचे? कारण तिथे उंटाला आणखी एक घर मिळते, जी८. आणि जी८ वरून ती तिरपी रेषा थेट बी३ ला भिडते. घोडा डी४ नंतर उंट जी८ ला गेला, तर बी३ चे दार बंद होते, पण त्याच क्षणी सी२ उघडे पडते आणि घोडा तिथून मात देतो. म्हणजे आता काळ्याचा बचाव खऱ्या अर्थाने बचाव आहे : पांढऱ्याची बी३ ची धमकी तो ओळखतो, अडवतो, आणि अडवल्यामुळेच मरतो. बी१ च्या मांडणीत हा प्रसंग नव्हता. त्याची किंमतही द्यावी लागते. डी२ चा चकवा आता दोन उत्तरांनी मोडतो, उंट सी२ आणि उंट जी८, त्यामुळे तो थोडा बोथट होतो.

इथे रचनाकाराची आवड बोलते. तीक्ष्ण चकवा हवा असेल तर उंट बी१. बचावाची आणि मातीची विविधता हवी असेल तर एच७. प्रस्तुत लेखकाचे मत एच७ च्या बाजूने. चकवा सोडवणाऱ्याच्या डोक्यात घडतो, माती मात्र पटावर दिसतात, आणि एवढ्याशा सामग्रीतून बी३, रिकाम्या घरी सी२ आणि उंट मारून सी२ अशा तीन शेवटांचे हिशेब चोख जुळावेत हे अधिक समाधानाचे वाटते.

तर अंतिम मांडणी अशी. पांढरा : राजा सी१, घोडा एफ३. काळा : राजा ए१, उंट एच७, प्यादे ए२. पांढऱ्याची खेळी, दोन खेळ्यांत मात.

आता तपासणी. मोहरे थोडे असले की ती कागद-पेन्सिलीवर पुरी करता येते. पांढऱ्याला पहिल्या खेळीचे एकूण दहाच पर्याय आहेत. राजाचे दोन, डी१ आणि डी२. बी१ आणि सी२ वर उंटाचा मारा आहे आणि बी२ काळ्या राजाला लागून. राजा डी१ किंवा डी२ ला गेला की काळा राजा बी२ वर निसटतो आणि एफ३ च्या घोड्याला त्याला शहसुद्धा देता येत नाही. घोड्याच्या आठ उड्यांपैकी ई५, जी५, एच४, एच२ आणि जी१ इथून पुढच्या उडीत ना बी३ गाठता येते ना सी२, त्यामुळे त्या विचारातच नाहीत. डी२ चे पाहिले. ई१ वरून घोडा फक्त सी२ वर येऊ शकतो, तेव्हा काळ्याने उंट त्या तिरप्या रेषेवरच सरकवला, समजा जी६ ला, की सी२ वर आलेला घोडा तो खाऊन टाकतो. उरली डी४. तिच्यावर काळ्याची उत्तरे सात, सगळी उंटाची : जी८ ला सी२ वरून मात, सी२ ला घोड्याने उंट मारून मात, आणि जी६, एफ५, ई४, डी३, बी१ या पाचांना बी३ वरून मात. प्रत्येक ठिकाणी एकच मात. सी२ वर पहारा असताना तिथे शह दिला तर उंट मारतो, बी३ वर पहारा असताना तिथे.

प्रत्येक मोहरा हवाच आहे का, हीही तपासणी असते. उंट काढा : डी४ नंतर स्टेलमेट. ए२ चे प्यादे काढा : काळा राजा ए२ वर निघून जातो. पांढऱ्याचे दोन्ही मोहरे तर अर्थातच हवेत. सात किंवा त्याहून कमी मोहऱ्यांच्या रचनेला मिनिएचर म्हणतात. ही पाचांची आहे.

मोठ्या रचनेत मात्र हाताने केलेल्या तपासणीवर कोणी विसंबत नाही. वजीर आणि दोन हत्ती पटावर असले की पहिल्या खेळीचेच साठ-सत्तर पर्याय होतात. पूर्वी कुक सापडायचा तो छापून आल्यावर, वाचकांच्या पत्रातून. आता पॉपआय नावाचा मोफत प्रोग्राम हे काम करतो. आपला प्रश्न त्याला असा द्यायचा :

```
beginproblem
stipulation #2
option variation try
pieces
  white Kc1 Sf3
  black Ka1 Bh7 Pa2
endproblem
```

इथे घोड्यासाठी S हे अक्षर आहे, जर्मन श्प्रिंगरमधले; रचनाकारांच्या जगात हीच रीत आहे. `#2` म्हणजे दोन खेळ्यांत मात, आणि `try` म्हटले की प्रोग्राम थोडक्यात हुकणारे चकवेही मोडणाऱ्या उत्तरासकट दाखवतो. उत्तरात दोन कळीच्या खेळ्या दिसल्या की पुन्हा पटाकडे जायचे. अनुभवी माणूस अशा वेळी आधी मोहरा वाढवत नाही. आधी असलेला मोहरा एक घर सरकवून पाहतो, मग सगळी मांडणी एखाद्या रकान्याने डावी-उजवीकडे हलवून पाहतो, आणि काहीच जमले नाही तर नाइलाजाने एक प्यादे घालतो.

परीक्षकाच्या नजरेने या प्रश्नाचे काय होईल? कळीची खेळी शह देत नाही, काही मारत नाही, ही जमेची बाजू. पहिल्याच खेळीला शह दिला की काळ्याचे हात बांधले जातात आणि सोडवणाऱ्याला शोधायला फारसे उरत नाही, म्हणून तशी कळी हिणकस समजतात. पण घोडा पटाच्या मधोमध येऊन उघड धमकी देतो. मॉर्फीच्या हत्तीसारखा तो स्वतःला तोंडी देत नाही, की काळ्या राजाला नवी वाट मोकळी करून देत नाही. पांढऱ्याकडे हलवण्याजोगा एकच मोहरा असल्यामुळे सराईत सोडवणारा डी४ वर अर्ध्या मिनिटात पोचेल. नवशिक्यांच्या सदरात प्रश्न शोभेल, स्पर्धेत बक्षीस मिळणार नाही.

आणखी एक अडथळा राहतो. कोपऱ्यातला राजा, ए२ चे प्यादे आणि एकटा घोडा ही कोंडी फार जुनी आहे. पाच मोहऱ्यांत जे काही करता येते त्यातले बरेचसे दीडशे-दोनशे वर्षांत कोणी ना कोणी करून ठेवलेले असणार. म्हणून प्रश्न संपादकाकडे धाडण्यापूर्वी वायएसीपीडीबीसारख्या खुल्या संग्रहात मांडणी घालून शोधायची रीत आहे. हुबेहूब तशीच रचना निघाली तर आपली मागे घ्यायची. जवळची निघाली आणि आपण तिच्यात काही खरी भर घातली असेल, जसे उंट बी१ वरून एच७ ला नेला, तर आपल्या नावाखाली मूळ रचनाकाराचे नाव ‘यांच्यावरून’ असे लिहून ती पाठवता येते.